लिंबावरचे घड्याळ आणि तीन उत्तरे
(केंद्र संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सातवीच्या वर्गाला विद्युद्घट शिकविताना आपण फळ्यावर आकृती काढतो, तांब्याची व जस्ताची पट्टी दाखवितो आणि पुढे जातो. आज मी आपणांस एका मुलाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट रचलेली आहे, मुलगाही कल्पनेतला आहे. परंतु तिच्यातील कृती कोणत्याही शाळेत करून पाहता येईल, आणि तिच्यातील गणित सातवीच्या मुलाला भागाकार येत असला म्हणजे पुरे.

मुलाचे नाव विठू. घरातील लहानसे घड्याळ बंद पडले होते. हे घड्याळ काट्यांचे नव्हे, पडद्यावर आकडे उमटविणारे. बटनाएवढ्या दीड व्होल्टच्या सेलवर चालणारे. गुरुजींनी वर्गात लिंबाचा घट दाखविला होता, तेव्हा विठूने दोन कागदी लिंबे घेतली. ती हातावर दाबून आतला रस मोकळा केला. प्रत्येक लिंबात एक तांब्याची व एक जस्ताची पट्टी, एकमेकींना न लागतील अशा बेताने खोचली. पहिल्या लिंबाचे तांबे तारेने दुसऱ्या लिंबाच्या जस्ताला जोडले. मोकळे राहिलेले तांबे घड्याळाच्या अधिक टोकाला आणि मोकळे राहिलेले जस्त उणे टोकाला जोडताच पडद्यावर बाराचा आकडा उमटला आणि घड्याळ चालू लागले.

वर्गातील मुलांना वाटले, लिंबात वीज असते. गुरुजींनी त्यांची समजूत दुरुस्त केली. लिंबाच्या आम्लात जस्त हळूहळू विरघळते; विरघळताना प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो. ते इलेक्ट्रॉन तारेतून, घड्याळातून फिरून तांब्याच्या पट्टीकडे जातात आणि तेथे आम्लातील हायड्रोजनचे आयन त्यांचा स्वीकार करतात. जळण आहे ते जस्त. लिंबू हे केवळ चूल. १८०० साली व्होल्टाने आपली राशी रचली तीही याच तत्त्वावर, आणि तिच्यात लिंबाच्या जागी मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या चकत्या होत्या.

एका मुलाने लगेच विचारले, "गुरुजी, मग यावर बॅटरीचा दिवा का नाही लागत?" दिवा जोडून पाहिला होता, तार साधी तांबडीही झाली नव्हती. याचे उत्तर गुरुजींनी मोजून काढावयास लावले. एका लिंबाच्या टोकांना मीटर लावले, तेव्हा ०.९ व्होल्ट दिसले. मग त्या टोकांमध्ये १,००० ओहमचा रोध जोडला, तोच आकडा ०.३ व्होल्टवर उतरला. याचा अर्थ प्रवाह ०.३ मिलिअँपिअर होता आणि उरलेले ०.६ व्होल्ट लिंबाने आतल्या आतच खाल्ले. ०.६ ला ०.०००३ ने भागले की लिंबाचा अंतर्गत रोध येतो: २,००० ओहम. दोन लिंबांचा मिळून ४,०००. अशा जोडीची टोके सरळ एकमेकांस जोडली तरी अर्ध्या मिलिअँपिअरहून कमीच प्रवाह मिळणार. बॅटरीच्या दिव्याला तर ३०० मिलिअँपिअर लागतात. काट्यांचे घड्याळही याच कारणाने अडते, कारण काटा ढकलण्यासाठी त्याला दर ठोक्याला क्षणभर काही मिलिअँपिअर लागतात. आकड्यांच्या घड्याळाची भूक मात्र फारच थोडी.

ती भूक किती, हे विठूला हवे होते. शाळेच्या मीटरवर इतका सूक्ष्म प्रवाह वाचता येईना. गुरुजींनी युक्ती सांगितली: घड्याळाच्या वाटेत १०,००० ओहमचा रोध घाल आणि त्याच्या दोन टोकांमधील व्होल्ट मोज. ते ०.१ आले. ०.१ ला १०,००० ने भागता प्रवाह निघाला एक अँपिअरचा लाखावा भाग, म्हणजे १० मायक्रोअँपिअर.

आता हिशेब. फॅरडेने १८३० नंतरच्या काही वर्षांत विद्युत्-विच्छेदनाचे नियम मांडले, त्यांवरून आपल्याला कळते की ६५.४ ग्रॅम जस्त विरघळले की सुमारे १,९३,००० कूलोंब वीज मिळते. म्हणजे एका ग्रॅमला सुमारे २,९५०. विठूने आपली जस्ताची पट्टी सोनाराच्या काट्यावर तोलली होती. ती ३ ग्रॅम भरली. तिचा एकतृतीयांश भाग लिंबात होता, म्हणून जळण १ ग्रॅम. एका दिवसाचे सेकंद ८६,४००; त्यांना लाखाने भागले की घड्याळाचा रोजचा खर्च ०.८६४ कूलोंब. आणि २,९५० ला ०.८६४ ने भागले की ३,४१४ दिवस. विठूने वहीत लिहिले: ९ वर्षे ४ महिने.

प्रथम त्याने याची दुप्पट केली होती, कारण लिंबे दोन होती. गुरुजींनी त्याला तारेवरून बोट फिरवावयास सांगितले. एकामागे एक जोडलेल्या घटांतून तोच प्रवाह दोघांतूनही जातो, म्हणून दोन्ही पट्ट्या बरोबरच झिजतात. दोन लिंबांनी व्होल्ट वाढतात, आयुष्य नव्हे. विठूने दुप्पट खोडली.

तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन तीन आठवड्यांवर आले होते. विठूने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, "हे घड्याळ ९ वर्षे ४ महिने चालेल," आणि तो पुठ्ठा वर्गात टांगला. तेराव्या दिवशी सकाळी घड्याळाचे आकडे फिके पडले आणि दुपारपर्यंत पडदा कोरा झाला.

मुले हसली. विठूने पुठ्ठा काढून दप्तरामागे लपविला. वरच्या वर्गातील एका मुलाने त्याला समजूतदारपणे सल्ला दिला की, प्रदर्शनाच्या दिवशी ताजी लिंबे लाव. कोण नऊ वर्षे थांबून पाहणार आहे? विठू गुरुजींकडे आला आणि म्हणाला, "गणित चुकलं. पण कुठं चुकलं ते सापडत नाही."

गुरुजींनी वही पाहिली आणि सांगितले, "गणित बरोबर आहे. आता लिंबाला विचार."

प्रथम मीटर लावले. घड्याळ सोडवून मोजता दोन लिंबांचे मिळून १.७ व्होल्ट आले, म्हणजे जवळपास पहिल्याइतकेच. घड्याळ जोडताच आकडा १.० वर घसरला. येथेच रोगाचे निदान झाले. पूर्वी घड्याळाच्या प्रवाहाने लिंबांत केवळ ०.०४ व्होल्ट खर्च होत, आता ०.७ होऊ लागले होते. अंतर्गत रोध ४,००० वरून ७०,००० ओहमांच्याही वर गेला होता. लिंबाची साल पट्ट्यांभोवती वाळून आखडली होती आणि जस्तावर पांढुरका थर चढला होता. जळण संपले असते तर घड्याळ सोडवल्यावरही व्होल्ट दिसले नसते. म्हणून मोजमाप नेहमी दोन वेळा करावे, एकदा भार काढून व एकदा भार जोडून. एकट्या पहिल्या आकड्यावर विसंबणारा मनुष्य हमखास फसतो.

मग एक पट्टी काढून पाण्याने धुतली, फडक्याने पुसली, उन्हात वाळविली आणि पुन्हा सोनाराकडे नेली. पॉलिश-कागदाने घासण्याआधीच ती तोलली, कारण घासण्याने धातूच निघून जातो. वजन ३ ग्रॅमवरून २.९४ वर आले होते. तेरा दिवसांत ६० मिलिग्रॅम जस्त गेले. परंतु घड्याळाने तेरा दिवसांत वापरली ती वीज केवळ ११ कूलोंब, आणि तेवढ्यासाठी ४ मिलिग्रॅम जस्त पुरेसे होते. उरलेले ५६ कोठे गेले?

विठूने ताज्या लिंबाच्या रसात जस्ताचा एक तुकडा टाकला. तार नाही, घड्याळ नाही. थोड्या वेळाने तुकड्यावर बारीक बुडबुडे चिकटलेले दिसले. आम्ल जस्ताला तारेवाचूनही खाते. त्या वाटेने जाणारे इलेक्ट्रॉन घड्याळात जातच नाहीत. जागच्या जागी हायड्रोजन होऊन मोकळे होतात. विहिरीचे पाणी मोटेने शेतात जाण्याऐवजी बहुतेक सगळे वाटेतच पाझरावे, तसे हे झाले.

तेव्हा विठूने दुसरा हिशेब मांडला. तेरा दिवसांना ६० मिलिग्रॅम, तर १,००० मिलिग्रॅमला किती? उत्तर आले सुमारे २१७ दिवस, म्हणजे सात महिने. त्यानंतर त्याने दोन्ही लिंबांतील पट्ट्या घासून लखलखीत केल्या आणि त्याच लिंबांत जरा बाजूला, ओल्या जागी पुन्हा खोचल्या. पडद्यावर पुन्हा बाराचा आकडा उमटला. जस्त शिल्लक आहे, अडचण लिंबाच्या वाळण्याची आहे, याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

प्रदर्शनात विठूने ताजी लिंबे लावली नाहीत. सुकलेली दोन लिंबे, पट्ट्या आणि कोरा पडदा यांशेजारी त्याने नवा पुठ्ठा ठेवला. त्यावर तीन ओळी होत्या: "सर्व जस्त घड्याळाच्या कामी आले तर ९ वर्षे ४ महिने. आम्ल जस्त खाते हे धरले तर ७ महिने. लिंबू वाळते हे धरले तर १३ दिवस." परीक्षकांनी त्याला विचारले, यातील खरे उत्तर कोणते? विठू म्हणाला, "तिन्ही खरी आहेत. पण घड्याळ सर्वांत लहान उत्तर ऐकतं."

बंधु-भगिनींनो, हा प्रयोग आपण वर्गात कराल तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. जस्ताचा मुलामा दिलेला खिळा घड्याळ चालविण्यास चालेल, परंतु वजनाच्या हिशेबास चालणार नाही, कारण मुलाम्यात जस्त किती हे मुलांना तोलून काढता येत नाही. त्यासाठी निखळ जस्ताची पट्टीच हवी. आपली लिंबे विठूच्या लिंबांसारखी नसतील. आपले आकडे आपणच मोजावे, माझे फळ्यावर उतरवू नयेत. आणि प्रयोगातील लिंबू कोणासही खाऊ देऊ नये. त्याच्या रसात धातू विरघळलेला असतो.

आणखी एक सुचवावेसे वाटते. पट्ट्या खोचण्यापूर्वीच मुलांकडून अंदाजाचे गणित करून घ्यावे आणि ते शाईने लिहून ठेवावे. घड्याळ थांबेल त्या दिवशी ते खोडू देऊ नये. त्याच्याखाली एक ओळ मोकळी सोडावी आणि मुलांना विचारावे, आपण कोणती गोष्ट धरली होती जी लिंबाने धरली नाही? त्या मोकळ्या ओळीत जे लिहिले जाईल, तो त्या दिवशीचा पाठ.