जुना लॅपटॉप घेण्याआधी विक्रेत्याला काय विचारावे?



समजा, साताऱ्यातल्या एका विद्यार्थिनीला जुना लॅपटॉप घ्यायचा आहे. सांगलीत, विश्रामबागेत एक जण तीन वर्षं वापरलेला लॅपटॉप विकतोय. बघायला जायचं तर सगळा दिवस मोडतो. म्हणून ती आधी ईमेल करते. पण त्यात तिने "बॅटरी कशी आहे?" एवढंच विचारलं, तर "एकदम चांगली आहे" हेच उत्तर येणार. ज्याचा पुरावा पाठवता येतो तेच विचारायला हवं. माझ्या मते तिचा ईमेल असा असावा:

"नमस्कार. आपला लॅपटॉप घेण्याची इच्छा आहे. सांगलीला येण्याआधी तीन गोष्टी पाठवाल का? पहिली, खालच्या आज्ञेने तयार होणारा बॅटरीचा अहवाल. दुसरी, लॅपटॉपच्या तळावरील सिरियल नंबरचा फोटो. तिसरी, खरेदीच्या बिलाचा फोटो. पत्ता आणि फोन नंबर झाकला तरी चालेल, पण नाव, तारीख आणि सिरियल नंबर दिसू द्या. बॅटरी कधी बदलली असल्यास तेही कळवा."

विंडोजवर ती आज्ञा 'कमांड प्रॉम्प्ट'मध्ये लिहायची:

```
powercfg /batteryreport
```

`battery-report.html` नावाची फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली हे तिथेच स्क्रीनवर दिसतं. तिच्यात दोन आकडे शोधा. `DESIGN CAPACITY` म्हणजे नवी असताना बॅटरीत किती ऊर्जा मावायची आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज किती मावते. समजा, पहिला आकडा 45,000 आणि दुसरा 31,500 मिलिवॉट-तास आहे. म्हणजे 70 टक्के क्षमता उरली. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला लॅपटॉप साधारण 9 वॉट घेत असेल, तर नवा असताना तो पाच तास चालायचा, आता साडेतीन तास चालेल. तासिकांना एवढं पुरतं की नाही हे तिने ठरवावं. पुरत नसेल तर त्याच मॉडेलच्या नव्या बॅटरीचा भाव दुकानात विचारून तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगावी.

तिसरा आकडा `CYCLE COUNT`. चार्जर किती वेळा लावला याचा हा हिशेब नव्हे. आज निम्मी बॅटरी वापरली, उद्या पुन्हा निम्मी, तर दोन्ही मिळून एक सायकल होते. ॲपलच्या बहुतेक अलीकडच्या मॅकबुकसाठी कंपनीने 1000 सायकलची मर्यादा सांगितली आहे. विंडोजच्या लॅपटॉपना असा एकच आकडा लागू होत नाही आणि काहींच्या अहवालात ही जागा कोरीच असते. म्हणून तिथे क्षमतेवर जास्त भर द्यावा.

आता हा अहवाल बिलासमोर ठेवा. बिल तीन वर्षांपूर्वीचं आणि सायकल फक्त 40, असं दिसलं तर हुरळून जाऊ नका. लॅपटॉप कायम चार्जरवरच चालला असेल किंवा बॅटरी बदलली असेल. अहवालाच्या शेवटाकडे क्षमतेचा इतिहास असतो. घसरत आलेली क्षमता एकदम वर गेली असेल, तर बॅटरी बदलल्याची शक्यता मोठी. इतिहास गेल्याच आठवड्यात सुरू होत असेल, तर बहुधा विंडोज नव्याने टाकलं आहे. यात गैर काही नाही, पण का टाकलं हे विचारावं.

बिलाचं खरं काम मालकी दाखवण्याचं. वस्तू विक्री कायदा, 1930 च्या कलम 27 चा मूळ नियम असा, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. माल चोरीचा निघाला तर तुम्ही पैसे मोजलेत म्हणून तो तुमचा होत नाही. म्हणून बिलावरचा आणि तळावरचा सिरियल नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला की वॉरंटीची मुदत दिसते. ती बिलाच्या तारखेशी साधारण जुळायला हवी.

पुण्याच्या कंपनीत काम करून गावी परतलेल्या माणसाकडे कंपनीच्या नावाचं बिल असू शकतं. अशा वेळी कंपनीने त्याला लॅपटॉप विकल्याचं पत्र मागा. नाहीतर नवं विंडोज टाकल्यावरही सुरुवातीलाच कंपनीचं लॉगिन मागितलं जाऊ शकतं आणि लॅपटॉप तुमच्या उपयोगाचा राहत नाही. बिल हरवलं असेल तर दुकानातून प्रत किंवा ऑनलाइन ऑर्डरचा मेल मिळतो का ते बघायला सांगा. विक्रेत्याने स्वतः लिहून दिलेली पावती जवळ असावी, पण त्याने तो लॅपटॉप कुठून घेतला हे तिच्यावरून सिद्ध होत नाही.

उत्तर नीट आलं तर सांगलीला जावं. पैसे देण्याआधी तीच आज्ञा आपल्यासमोर पुन्हा चालवून घ्यावी, कारण आलेला अहवाल दुसऱ्याच लॅपटॉपचा असू शकतो. अहवालात बॅटरीचा नंबर दिसतो, लॅपटॉपचा नाही. आकडे, बॅटरीचा नंबर आणि तळावरचा नंबर मेलमधल्याशी जुळले, की मगच किमतीचं बोलावं. आणि यापैकी काहीही न पाठवता "आधी ॲडव्हान्स टाका" असं उत्तर आलं, तर सांगलीची गाडी पकडूच नये.