मागल्या बाजूची नावे

शाळेतले सोबती पंचवीस-तीस वर्षांनी एकत्र जमले, की एक गोष्ट हटकून होते. सगळे ओळीने उभे राहतात आणि फोटो निघतो. तो हाती आला, की थट्टेला ऊत येतो. "अरे, ह्याचं कपाळ तर पार मानेपर्यंत गेलं!" "आणि तुझ्या पोटाला वेगळी खुर्ची द्यायला हवी होती!"

पण खरी गंमत फोटो कोण कसा पाहतो यात आहे. बहुतेक जण तो हात लांब करून धरतात. चाळिशी उलटली, की डोळ्यातले भिंग ताठर होत जाते, जवळचे पाहण्यासाठी लागणारा फुगवटा त्याला घेता येत नाही. मात्र वर्गात ज्याला आपण 'ढापण्या' म्हणून चिडवले, तो चष्मा कपाळावर सरकवतो, फोटो नाकाशी नेतो आणि घडाघड नावे सांगतो! त्याला मुळातच जवळचे दिसते. तीस वर्षांनी त्याने उट्टे काढले म्हणायचे!

आमच्या मेळाव्यात कोणीतरी सातवीचा जुना फोटोही आणला होता. मुले छत्तीस, मागे एकही नाव नाही. चेहरे बदलले होते, तरी कानांची ठेवण, हसताना एका बाजूला जाणारा ओठ आणि बाकावर कोणाशेजारी कोण बसे, यांवरून पस्तीस जण ओळखू आले. मुलींची आडनावे लग्नानंतर बदललेली, म्हणून दोन्ही नावे लिहिली. मागल्या ओळीत, टोकाला उभा असलेला एक मुलगा मात्र कोणालाच आठवेना.

शेवटी शाळेतल्या गुरुजींनी जुने दाखलखारीज रजिस्टर काढले. त्या वर्षी मध्येच शाळा सोडलेला मुलगा एकच होता. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, 'पालकांसोबत ऊसतोडणीस'. नाव वाचताच दोघा-तिघांना एकदम आठवले, की ह्याच्याच डब्यातली चटणी आपण पळवीत होतो. हसणे थांबले. दहावीच्या यादीत तो नव्हता, म्हणून मेळाव्याचा निरोपही त्याला गेला नव्हता. आता दोघे जण त्याचा गाव शोधताहेत.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींनो, वर्गाचा फोटो आला, की त्याच आठवड्यात नावे लिहा. पाहणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने. गैरहजर मुलांची नावे शेवटी. शाईचे पेन नको, ती पुढे उमटते. मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता, कडेला लिहावे. हल्लीच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही. तेव्हा नावांचा वेगळा कागद करून फोटोबरोबर पाकिटात ठेवावा. आणि मध्येच शाळा सोडून गेलेल्या मुलाचे नाव मुळीच गाळू नये. टक्कल पडलेला मित्र कानावरून तरी ओळखता येतो, पण ज्याचे नावच कुठे लिहिले नाही, त्याला हाक कशी मारायची?