पाळी बदलायची तर तारीख सांगा



आम्ही तालुक्याच्या एका दवाखान्यात आया म्हणून काम करतो. आमच्या तीन पाळ्या: सकाळ 8 ते 2, दुपार 2 ते 8, आणि रात्र 8 ते दुसऱ्या सकाळी 8. मोबाईलवर आमचा ग्रुप आहे. पाळी बदलायची तरी तिथे थट्टाच चालायची.

एकदा रात्री अकराला एकीने लिहिलं, "कोण गुणाची बहीण उद्या माझ्या जागी उभी राहील? भजी माझ्याकडून!" खाली सगळ्यांची हसरी तोंडं. एक म्हणाली, "भज्यांसाठी कायपण!" विचारणारीला वाटलं, झालं काम. उत्तर देणारीला वाटलं, गंमत चाललीय. तिने तर तो निरोप सकाळी वाचला होता, म्हणजे तिचा 'उद्या'ही वेगळाच. दुपारी दोनला कोणीच आलं नाही. सकाळची बाई रात्री आठपर्यंत अडकली आणि तिची शेवटची एसटी गेली. घरी लेकरू तापाने फणफणलेलं.

त्यानंतर आम्ही बसून ठरवलं. थट्टा ग्रुपवर करायची, पाळीचं मात्र एकीलाच थेट विचारायचं. सगळ्यांना विचारलं की प्रत्येकीला वाटतं, दुसरी जाईल. आता आमचा निरोप असा असतो:

"ताई, नमस्कार. मंगळवार 12 नोव्हेंबरची माझी दुपारपाळी, 2 ते 8, तुम्ही कराल का? भाचीचं बारसं आहे. बदल्यात तुमची शुक्रवार 15 नोव्हेंबरची सकाळपाळी, 8 ते 2, मी करीन. नाही जमलं तरी चालेल, पण रविवार संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणजे दुसरीला विचारता येईल."

वार आणि तारीख दोन्ही लिहायची. एक चुकलं तर दुसऱ्यावरून लगेच कळतं. रात्रपाळीला दोन तारखा लागतात: "12 च्या रात्री 8 ते 13 च्या सकाळी 8." नुसतं "12 ची रात्र" म्हटलं, की कोणी 11 च्या रात्रीच येऊन बसतं.

बदल्यात पाळी देताना आधी आपला तक्ता बघायचा. या ताईने आधी गुरुवार 14 ची सकाळ देऊ केली होती. पण बुधवारी तिची स्वतःचीच रात्रपाळी होती. म्हणजे रात्रभर जागून पुन्हा दोनपर्यंत उभं राहायचं. म्हणून शुक्रवार ठरला.

उत्तरात "बघते" किंवा नुसता अंगठा आला तर तो होकार धरायचा नाही. "हो, 12 ची दुपार मी करते, 15 ची सकाळ तुमची" असं आलं की पक्कं. मग दोघींनी मिळून मोठ्या सिस्टरना सांगायचं. भिंतीवरच्या तक्त्यात नाव बदलेपर्यंत पाळी आपलीच.

भजी अजून होतात. पण आता ती बदलीची पाळी पार पडल्यावर.