बुफेचं इंडेंट: २०० पाहुणे, किती किलो?

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "क्वांटिटीचा प्रश्न आला की आकडे कुठून आणायचे?" म्हणून आज फक्त तेवढंच. हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला क्वांटिटी फूड प्रॉडक्शनमध्ये इंडेंट येतं, तोंडी परीक्षेतही हमखास विचारतात. वही-पेन असेल तर घ्या, बसमध्ये असाल तर नुसतं ऐका. आकडे थोडेच आहेत.

प्रश्न असा धरू. पुण्यात रिसेप्शन आहे, रात्रीचा बुफे, २०० पाहुणे. त्यातले ६० टक्के शाकाहारी, ४० टक्के मांसाहारी. मेनूत जिरा राईस, डाळ तडका, पनीर मखनी, एक सुकी भाजी, चिकन करी, रोटी आणि गोड. भात, पनीर आणि चिकन यांचं इंडेंट काढा.

बहुतेक मुलं काय करतात? रेस्टॉरंटमध्ये एका प्लेटला जे माप लागतं, ते घेतात आणि २०० ने गुणतात. तांदूळ माणशी १०० ग्रॅम, म्हणजे २० किलो. गुणाकार बरोबर आहे, पण उत्तर जवळजवळ दुप्पट आलंय. रेस्टॉरंटमध्ये माणूस एक भाजी आणि एक भात मागवतो, त्यामुळे ते माप एकट्या पदार्थाचं असतं. बुफेत तोच माणूस सात पदार्थ थोडे थोडे घेतो. पदार्थ वाढले म्हणून पोट वाढत नाही ना! त्यामुळे आधी माणूस एकूण किती खाईल हे धरायचं आणि मग ते पदार्थांत वाटायचं. परीक्षक नेमकं हेच बघतो.

आता भात घेऊ. बुफेत माणशी शिजलेला भात मी १२५ ग्रॅम धरतो. २०० माणसांना २५ किलो भात झाला. पण स्टोअरमधून आपण भात मागवत नाही, तांदूळ मागवतो. तांदूळ शिजून वजनाने साधारण अडीच पट होतो, म्हणून २५ ला अडीचने भागायचं. उत्तर १० किलो, म्हणजे माणशी ५० ग्रॅम कच्चा तांदूळ. हे भागणं विसरलात आणि इंडेंटवर थेट २५ किलो तांदूळ लिहिलात, तर साठ-पासष्ट किलो भात होईल. वाटून टाकायलाही माणसं मिळणार नाहीत. म्हणून उत्तरपत्रिकेत "शिजलेलं वजन" आणि "कच्चं वजन" असे दोन वेगळे रकाने करा. चूक झालीच तर तिथल्या तिथे दिसते.

पनीर जरा गमतीचं आहे. इथे दोन प्रकारची उत्तरं येतात. काही जण म्हणतात, पनीर शाकाहारी खातात, म्हणून १२० माणसांचं करायचं. काही जण सगळ्या २०० जणांना पूर्ण वाढप धरतात. आता एखाद्या लग्नातली ताटं डोळ्यांपुढे आणा. चिकन घेणारा माणूस पनीर सोडतो का? नाही, थोडं तरी घेतोच. म्हणून शाकाहारी माणसाला पूर्ण वाढप आणि मांसाहारी माणसाला अर्धं. पूर्ण वाढप ग्रेव्हीसकट १४० ग्रॅम धरू. १२० जणांचं १६ किलो ८०० ग्रॅम होतं आणि ८० जणांना अर्ध्या मापाने ५ किलो ६०० ग्रॅम. एकूण २२ किलो ४०० ग्रॅम. यात निम्मं वजन पनीरचं आणि निम्मं ग्रेव्हीचं धरलं, तर पनीर लागेल ११ किलो २०० ग्रॅम. पनीर शिजवून फारसं वाढत नाही, म्हणून इथे अडीचचा भागाकार नाही. फक्त १२० जणांचं केलं असतं, तर पनीर ८ किलो ४०० ग्रॅमच आलं असतं. साडेनऊला शेवटच्या रांगेतल्या शाकाहारी पाहुण्यांना नुसती ग्रेव्ही मिळाली असती, आणि त्यांच्यासाठी तिथे दुसरं काही विशेष नव्हतंच.

चिकन सोपं आहे. हाडासकट करी कट, माणशी १८० ग्रॅम कच्चं वजन. ८० जणांचे १४ किलो ४०० ग्रॅम. इथे शिजलेल्या वजनाच्या भानगडीत पडू नका, कारण चिकन शिजताना आटतं, पण करीत ग्रेव्ही वाढते. हॉटेलातही कच्च्या वजनावरच मोजतात.

कुणी विचारेल, शाकाहारी ग्रेव्ही एकाऐवजी दोन असल्या तर? तेव्हा १४० चे सरळ ७० आणि ७० करू नका. माणूस दोन्ही चाखतो, म्हणून एकूण थोडं वाढतं. मी ८० आणि ८० धरतो. आणि जेवणाआधी तासभर स्टार्टर फिरत असतील, तर मेन कोर्स १० ते १५ टक्क्यांनी उतरवतो. तुम्ही उतरवलंत तर उत्तरात तसं एक वाक्य लिहा. गृहीत धरलेली गोष्ट लिहिली नाही, तर परीक्षकाला तो आकडा अंदाजपंचे वाटतो.

आता जास्तीचं किती ठेवायचं? प्रश्नात "मिनिमम गॅरंटी" असा शब्द असेल, तर अर्थ असा की यजमान तेवढ्या ताटांचे पैसे भरणारच, पाहुणे कमी आले तरी. जास्त आले तर वापरलेली ताटं मोजून बिल होतं. म्हणून हॉटेल गॅरंटीच्या थोडं वर बनवतं. मी ५ टक्के धरतो. पण हे ५ टक्के एकदाच, अगदी शेवटी. घोटाळा इथेच होतो. एक जण वाढप १० टक्के फुगवतो, दुसरा पाहुणे १० टक्के वाढवतो, शेफ वरून आणखी १० टक्के घालतो. प्रत्येकाला वाटतं, आपण थोडंच वाढवलं. तिन्ही मिळून ३३ टक्के होतात, म्हणजे २०० माणसांच्या जागी २६६ माणसांचं जेवण.

आपलं इंडेंट ५ टक्क्यांनी वाढवू: तांदूळ साडेदहा किलो, पनीर पावणेबारा म्हणजे १२ किलो धरा, चिकन १५ किलो.

यावर एक ताळा करता येतो. पूर्ण मापाच्या, ६५ मिलिमीटर खोल चेफिंग डिशच्या पॅनमध्ये साधारण ९ लिटर मावतं, पण काठोकाठ भरत नाहीत, ६ किलोच्या आसपास घालतात. आपली पनीर मखनी ५ टक्के धरून साडेतेवीस किलो, म्हणजे चार पॅन. २०० माणसांना दोन काउंटर लावले, तर प्रत्येकी दोन पॅन: एक सुरुवातीला, एक रिफिलला. हे डोळ्यांपुढे नीट उभं राहतं. तुमचं उत्तर दहा पॅनचं आलं, तर खोडा आणि पुन्हा मांडा.

तोंडी परीक्षेत पुढचा प्रश्न ठरलेला: "सगळं एकदम शिजवाल का?" भाताचं सांगा. साडेदहापैकी सात किलो तांदूळ आधी शिजवायचा, उरलेला साडेतीन किलो निवडून, मोजून तयार ठेवायचा. आपल्याकडे भात लोक शेवटी घेतात, त्यामुळे तेवढा वेळ मिळतो. नऊच्या सुमाराला काउंटरवरची उरलेली ताटं मोजायची. २१० ताटं मांडली होती आणि नव्वद उरली, तर १२० जण येऊन गेले. बँक्वेट मॅनेजरला विचारायचं, हॉलमध्ये अजून किती आहेत. मग तांदूळ भिजत घालायचा की स्टोअरला परत पाठवायचा, ते ठरतं. कच्चा तांदूळ उद्या वापरता येतो. काउंटरवर तीन तास राहिलेला भात नाही.

डाळ आणि सुक्या भाजीचं गणित मी मुद्दाम सोडलंय. डाळ माणशी शिजलेली १०० ग्रॅम धरा, एक किलो तुरीची साधारण चार किलो तडका डाळ होते. काढा आणि कमेंटमध्ये टाका, ५ टक्के धरून.