‘कुणीतरी’ नावाचा सातवा मेंबर



मी कॉमर्स कॉलेजात कॉस्टिंग शिकवतो. काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासत होतो. एक सोपं गणित घातलं होतं. कारखान्याला दरमहा १,००० नग लागतात, एका ऑर्डरचा खर्च ६० रुपये आणि एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च ४ रुपये. तर एका वेळी किती नग मागवणं परवडेल? मुलं याला ई.ओ.क्यू. म्हणतात. उत्तर येतं ६००. पण चार पेपरांत उत्तर होतं १७३. चौघंही वेगवेगळ्या बाकांवर, वेगवेगळ्या रांगांत बसलेली. कॉपीला वावच नव्हता.

मी चौघांना बोलावलं. कळलं की ते एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमधले. सहा जणांचा अभ्यासाचा ग्रुप. परीक्षेच्या आदल्या रात्री साडेअकराला तिथे नोट्सचे नऊ फोटो पडले होते. त्या नोट्समध्ये मासिक खप तसाच सूत्रात घातला होता, बाराने गुणायचं राहून गेलं होतं. नोट्स लिहिणारीची चूक एवढीच. पण त्या रात्री ती पानं तपासायला वेळ कुणाकडे होता?

मी त्यांना म्हटलं, ग्रुपवरचे मागचे मेसेज दाखवा. खरी चूक तिथे सापडली. दहा दिवस आधी एकाने लिहिलं होतं, ‘कुणीतरी युनिट चारच्या नोट्स टाका रे.’ मेसेज सगळ्यांनी वाचला, निळ्या खुणा आल्या, दोघांनी अंगठा दाखवला. मग नऊ दिवस शांतता. शेवटी जिला राहवलं नाही तिने एका रात्रीत सगळं लिहून काढलं. त्या ग्रुपमध्ये सहा मुलं होती, पण काम सातव्या मेंबरवर सोपवलं होतं. त्याचं नाव ‘कुणीतरी’. आज मी बोलणार आहे ते या सातव्याला ग्रुपमधून काढायचं कसं, याबद्दल.

ही आळशी मुलांची गोष्ट आहे असं समजू नका. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ती मोजमापं १९१३ साली छापून आली. एकट्याने ओढताना माणूस जेवढा जोर लावतो, तेवढा तो आठ जणांत मिळून लावत नाही. त्या मोजणीत दर माणशी जोर जवळजवळ निम्म्यावर आला होता. पुढे अमेरिकेत बिब लाताने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच पाहिलं. आणि १९८१ मध्ये त्यांना एक गोष्ट दिसली, ती आपल्या कामाची आहे. ‘तुझा आवाज वेगळा मोजला जातोय’ असं सांगितलं की माणसं घोळक्यातही पूर्ण जोर लावतात. माणसं तीच. फरक एवढाच की वाटा ओळखू येतो.

म्हणून पहिला नियम. ग्रुपवर काम सांगताना एक नाव, एक तुकडा आणि एक वेळ, या तिन्ही गोष्टी एकाच मेसेजमध्ये हव्यात. समजा मुलाचं आडनाव पाटील आहे. मग मेसेज असा जाईल: ‘पाटील, युनिट चारमधलं ई.ओ.क्यू. आणि स्टॉक लेव्हल्स तुझ्याकडे. सोडवलेली तीन गणितं घाल. शुक्रवारी रात्री नऊपर्यंत. जमेल का?’ यावर पाटीलने ‘घेतलं’ असं लिहिलं तरच ते काम त्याचं. निळी खूण म्हणजे मेसेज पाहिला, काम स्वीकारलं नव्हे. अंगठ्याचाही अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. त्यामुळे शब्दात उत्तर मागा. आणि तो ‘नाही जमणार’ म्हणाला तर रागावू नका. दहा दिवस आधी आलेला नकार आदल्या रात्रीच्या होकारापेक्षा लाखमोलाचा.

ही वाटणी मेसेजमध्ये ठेवली तर दोन दिवसांत वर वाहून जाते. ती ग्रुपच्या माहितीत, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ठेवा. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त तीस दिवस टिकतो, आणि पाठवून पंधरा मिनिटं झाली की तो दुरुस्तही करता येत नाही. डिस्क्रिप्शन कधीही बदलता येतं. सहा ओळी पुरतात: नाव, युनिट, तारीख.

आता नोट्सकडे येऊ. वहीच्या पानाचा फोटो काढून तसाच पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. अक्षरं कशीबशी वाचता येतात, पण पेन्सिलने लिहिलेले आकडे, वर्गमुळाची खूण, समासातली दुरुस्ती पुसट होते. कॉस्टिंगमध्ये नेमकं तेच महत्त्वाचं असतं. म्हणून पानं फोनवरच स्कॅन करून सगळ्यांची मिळून एक पीडीएफ करा आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलला नाव देताना विषय, युनिट, लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला. ‘स्कॅन ००४७’ असं नाव असलेली फाइल परीक्षेच्या सकाळी कुणालाही सापडत नाही.

चूक सापडली तर? त्या मुलांपैकी एकाला शंका आली होती. त्याने रात्री बाराला लिहिलंही होतं, ‘इथे बाराने गुणायचं ना?’ त्याखाली हॉलतिकिटाबद्दलचे पंचवीस मेसेज पडले आणि त्याचा मेसेज गाडला गेला. त्यामुळे चूक सापडली की नुसती बोलून दाखवू नका. लिहिणाऱ्याने फाइल दुरुस्त करायची, नवी तारीख घालून पुन्हा टाकायची आणि जुनी सगळ्यांसाठी डिलीट करायची. लिहिणारा हाताशी नसेल तर ॲडमिनला सांगा, तोही डिलीट करू शकतो. ग्रुपवर एका युनिटची एकच फाइल दिसली पाहिजे.

आता मुदतीबद्दल. बहुतेक ग्रुप एकच तारीख धरतात, परीक्षेची. तिथून मागे मोजा. समजा पेपर १० नोव्हेंबरला आहे. वाचायला आणि सराव करायला दोन आठवडे हवेत, म्हणजे पक्क्या नोट्स २६ ऑक्टोबरला हातात हव्यात. तपासायला चार दिवस द्या. म्हणजे कच्च्या नोट्स २२ ला. तपासणारा दुसराच हवा. युनिट चार लिहिणाऱ्याने युनिट पाच तपासायचं, पाचवाल्याने एक, अशी साखळी करा. तपासायचं म्हणजे वाचून ‘छान’ म्हणायचं नाही. प्रत्येक प्रकारचं एक गणित नोट्सकडे न बघता स्वतः सोडवायचं आणि उत्तर जुळतंय का ते बघायचं. १७३ तिथेच पकडलं गेलं असतं. आणि सोबत एक नियम ठेवा: उशीर होणार असेल तर मुदतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत सांगायचं. उशीर चालेल, पण गप्प राहिलेलं चालणार नाही. कारण आदल्या दिवशी कळलं तर काम दुसऱ्याकडे देता येतं, मुदत टळून गेल्यावर नुसता वाद होतो.

आणि तरीही एखादा काहीच करत नाही. त्याचं काय? त्या सहा जणांतला एक मुलगा नोट्स घ्यायचा, द्यायचा काहीच नाही. ग्रुपवर त्याला टोमणे बसायचे: ‘साहेब आले का?’, ‘व्ही.आय.पी. झोपलेत.’ तो आणखी गप्प झाला. मी विचारलं तेव्हा कळलं, तो रात्री दहापर्यंत मेडिकलच्या दुकानात कामाला असतो. घरी पोचून वही उघडेपर्यंत अकरा वाजतात. वीस पानं लिहून काढणं त्याला शक्यच नव्हतं. पण दुकानात गिऱ्हाईक नसताना फोनवर वाचणं शक्य होतं. मग त्याच्याकडे काम दिलं मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचं. कुठल्या युनिटवर कितीदा, किती मार्कांचा प्रश्न आला, याचा एक तक्ता. त्याने तो आठवड्यात करून दिला, आणि शेवटच्या चार दिवसांत ग्रुपने सर्वांत जास्त उघडलेली फाइल तीच होती.

म्हणून न करणाऱ्याला आधी खासगीत मेसेज करा, आणि तोही एकानेच. पाच जणांनी पाच मेसेज केले की तो वेढा वाटतो. ‘तू कधीच काही करत नाहीस’ असं लिहू नका, त्यावर भांडण सोडून दुसरं उत्तर नसतं. लिहा: ‘युनिट दोन शुक्रवारी यायचं होतं, आलं नाही. वेळ कमी पडतोय की विषय अडतोय?’ वेळ कमी पडत असेल तर काम लहान करा. विषय अडत असेल तर अर्धा तास फोनवर समजावून सांगा.

दोन्ही करूनही काही येत नसेल, तर तो फुकट घेतोय हे मान्य करा. आणि पुढचं करताना सुरुवातीलाच ठरलेल्या नियमाचा आधार घ्या: ज्याचा वाटा आला नाही, त्याला पुढच्या युनिटच्या नोट्स त्याचा वाटा आल्यावर. हा नियम पहिल्या दिवशी ठरलेला असेल तर तो नियम, ऐन वेळी काढला तर ती सूडबुद्धी. ग्रुपमधून काढायचं असेल तर त्याला आधी सांगून काढा. सकाळी उठल्यावर आपलं नाव गायब दिसणं हा अपमान वर्गात वर्षभर टिकतो.

प्रोजेक्टची गोष्ट वेगळी. तिथे मार्क सगळ्यांना एकत्र मिळतात आणि काढून टाकायचा अधिकार तुमचा नसतो. म्हणून प्रोजेक्टच्या शेवटी एक पान जोडा: कुठलं प्रकरण कुणी लिहिलं, माहिती कुणी गोळा केली, तक्ते कुणी केले. पान सगळ्यांनी बघून सह्या करायच्या. तक्रार असेल तर ती सबमिशनच्या आधी शिक्षकांकडे न्या. मार्क लागल्यावर आलेल्या तक्रारीवर आम्ही शिक्षक काही करू शकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि एक शब्द, एकटीने सगळं ओढणाऱ्या त्या मुलीसाठी. तिने एका रात्रीत युनिट चार लिहिलं तेव्हा तिला वाटलं आपण ग्रुप वाचवला. पण तिने दर वेळी भरून काढलं म्हणून ‘कुणीतरी’ला ग्रुपमध्ये जागा मिळत राहिली. पुढच्या सेमिस्टरला त्यांनी नवी वाटणी केली. तिच्या नावापुढे एकच युनिट होतं. तिने मला डिस्क्रिप्शन दाखवलं. सहा नावं, सहा ओळी. त्या वेळच्या पेपरांत चुका होत्याच, पण प्रत्येकाची चूक वेगळी होती.