गल्ल्यावरचं बिल, दूरचा सर्व्हर

हार्डवेअरच्या दुकानाचे मालक आणि त्यांची हिशेब सांभाळणारी मुलगी यांचं हे बोलणं. मुलीला बिलिंग क्लाउडवर, म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर न्यायचंय.

"नेट गेलं तर गिऱ्हाईक थांबणार आहे होय?"

"ऑफलाइन बिल करता येईल असंच सॉफ्टवेअर घेऊ, बाबा. बिलं इथं साठतात आणि नेट आलं की वर जातात."

"आपले काउंटर दोन. दोन्हीकडून एकच नंबर निघाला तर?"

शंका रास्त होती. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलांचे नंबर ओळीनं हवेत, आणि एका आर्थिक वर्षात तोच नंबर पुन्हा येता कामा नये. मात्र मालिका एकाहून जास्त ठेवता येतात.

"एका काउंटरला A/1 पासून, दुसऱ्याला B/1 पासून सुरुवात करू. मग गाठ पडायचीच नाही. साठ्याचं मात्र सांगून ठेवते. नेट नसताना या काउंटरला त्या काउंटरची विक्री कळत नाही. शेवटचा एक नळ दोघंही विकतील. तेवढा वेळ रॅककडे बघूनच हो म्हणायचं."

"आणि माझी उधारी? ती इकडून तिकडे जाताना गडबडली तर?"

"ती चाचणी मी काल केली. जुन्या कॉम्प्युटरवर एकूण येणं 3,42,600 रुपये. नव्यात आलं 3,52,600."

"बघ! दहा हजार फुगले."

"फरकाचं निम्मं केलं, पाच हजार. मग पाच हजार ॲडव्हान्स दिलेलं गिऱ्हाईक शोधलं. त्या प्लंबरची जमा रक्कम नव्यात नावे पडली होती. पाच हजार वजा व्हायचे ते मिळवले गेले, म्हणून फरक दुप्पट."

ही मुनीमजींची जुनी युक्ती. सॉफ्टवेअर बदललं तरी चालतेच. पण नुसती बेरीज जुळली म्हणून थांबू नये, दोन चुका एकमेकींना झाकतात. मोठी खाती एकेक करून ताडावीत.

"उद्या कंपनीनं भाडं वाढवलं आणि मी नाही म्हटलं, तर माझा हिशेब कुणाचा?"

"म्हणून पैसे भरायच्या आधीच सगळी बिलं, खाती आणि साठा एक्सेलमध्ये उतरवून बघायचा. उतरत नसेल तर ते सॉफ्टवेअर घ्यायचं नाही. पुढंही दर महिन्याला एक प्रत आपल्या पेन ड्राइव्हवर."

"आणि पासवर्ड?"

"प्रत्येकाचा वेगळा. बिल रद्द करायचा अधिकार फक्त तुमच्याकडे."

वडील अखेर राजी झाले. बदल 1 एप्रिलला, नव्या वर्षाच्या नव्या मालिकेनं करायचं ठरलं. जुना कॉम्प्युटर मात्र मोडीत काढू नका. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपून ठेवावे लागतात.