दोन औषधांची एक गोळी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गेल्या पावसाळ्यात नेरुळ येथील माझ्या दवाखान्यात आपल्यापैकीच एका कुटुंबातील गृहिणी आल्या. लघवीला जळजळ होती, ताप नव्हता. लघवीच्या तपासणीत जे जंतू आढळले ते ऑफ्लॉक्सासिन या औषधास दाद देत नव्हते. विचारपूस करता कळले की, महिन्यापूर्वी बाईंना पातळ जुलाब झाले असता घरच्यांनी चिठ्ठीवाचून दुकानातून एक गोळी आणली होती. तिच्या वेष्टनावर दोन नावे होती : ऑफ्लॉक्सासिन २०० मिलिग्रॅम आणि ऑर्निडाझोल ५०० मिलिग्रॅम. चार गोळ्या पोटात गेल्या, जुलाब थांबले आणि यश गोळीच्या पदरी पडले!

वस्तुतः असे पाण्यासारखे जुलाब बहुधा दोनतीन दिवसांत आपोआप थांबतात. पुष्कळदा ते विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर या दोहोंपैकी एकही औषध चालत नाही. जीवाणूंमुळे झालेल्या हगवणीत ऑफ्लॉक्सासिनचा उपयोग होऊ शकेल. ऑर्निडाझोल हे अमीबावरचे औषध. एकाच रोग्यास हे दोन्ही विकार एकाच वेळी होणे विरळा. म्हणजे निदान बरोबर असले तरी गोळीतील एक औषध वायाच जाते. वाया जाते म्हणावे, तर तेही खरे नव्हे. ऑर्निडाझोलने मळमळ होते, तोंडास धातूसारखी चव येते, आणि ऑफ्लॉक्सासिन आतड्यांतील निरुपद्रवी जंतूंनाही मारते. जे त्यातून तगतात, ते त्या औषधास न जुमानणारे असतात. लघवीच्या मार्गात शिरणारे जंतू बहुधा या आतड्यांतूनच येतात. बाईंचा विकार त्या चार गोळ्यांमुळेच झाला असे मी शपथेवर सांगणार नाही. परंतु मार्ग हाच असतो.

मिश्रण म्हटले की ते वाईटच, असे मात्र नाही. अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड असते, ते जंतूंचे संरक्षक विकर निकामी करून पहिल्या औषधास वाचवते. क्षयरोगातही अनेक औषधे एकत्र देतात, कारण एकट्या औषधास तेथे जंतू लवकर निर्ढावतात. तेथे प्रत्येक घटकास काम असते. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडी मात्र निदान टाळण्यासाठीच जन्मली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस न करण्याजोग्या प्रतिजैविक मिश्रणांत तिची गणना केली आहे. आपल्या केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी घातली, तरी दुकाने अशा जोड्यांनी भरलेलीच आहेत.

तेव्हा जुलाब पाण्यासारखे असतील तर क्षारसंजीवनी घ्यावी, मुलांना सोबत जस्ताची मात्रा द्यावी. रक्त पडत असेल वा ताप चढला असेल, तर शौचाची तपासणी करवून एकच औषध घ्यावे : अमीबा दिसला तर मेट्रोनिडाझोल, जीवाणूंचा संशय असेल तर बहुधा अॅझिथ्रोमायसिन.

त्या गृहिणींना मी तपासणीचा कागद पाहून एकटे नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस दिले. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली. घरी उरलेल्या सहा गोळ्या त्यांनी मला आणून दिल्या.